थाळी ड्रायव्हरची, बिल प्रवाशाचं

खोपोलीच्या शिळफाट्यावर हायवेवरच्या हॉटेलांचा एक जुना हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खासगी बस जिथे थांबते, तिथे ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण फुकट. गिऱ्हाईक आणणाऱ्याला बक्षीस द्यायचं, एवढीच ही योजना. पण इथे शिफारस करणारा बिल भरत नाही आणि बिल भरणाऱ्याला निवड नसते. त्यामुळे भाजी पातळ झाली तरी बस थांबतेच.

कर्जत-खालापूरमधल्या ज्या फार्महाउसवाल्याला ‘मित्राला पाठवा, पाचशे रुपये मिळवा’ अशी योजना काढायची असेल, त्याने ही थाळी आठवावी. रोख रकमेसाठी तिथे कधी न राहिलेला माणूसही शिफारस करतो.

सरकारलाही हा धोका दिसला होता. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात भीम ॲपची शिफारस योजना जाहीर झाली. आणणाऱ्याला दहा रुपये, येणाऱ्यालाही दहा. पण नवख्याने तीन वेगवेगळ्या लोकांशी मिळून किमान पन्नास रुपयांचे व्यवहार केल्यावरच. नुसतं ॲप उतरवून पैसे मिळणार नव्हते. तरी एक फट राहतेच: घरातल्या तिघांना पाठवलेले पन्नास रुपये घरातच राहतात. खोट्या शिफारशीला खर्च येत नसेल, तर अटी कितीही घाला, उपयोग नाही.

फार्महाउसवाल्याचं काम इथे सोपं आहे. समजा, मुक्कामाचं बिल चार हजार आहे. राहून गेलेल्या पाहुण्याने मित्र पाठवला, तर मित्राला तीनशेची सूट द्यावी. मित्र राहून, बिल भरून निघाला की जुन्या पाहुण्याच्या नावावर तीनशे जमा करावेत. रोख नव्हे, त्याच्या पुढच्या बिलातून वळते होणारे. तीनशे मिळवायला कुणी सदतीसशे खर्चून खोटा पाहुणा उभा करणार नाही. आणि ज्याला ती जागा आवडलीच नाही, त्याला ते तीनशे कुचकामी. शिफारस खरी असल्याची हीच खूण.

दोन पळवाटा तेवढ्या बुजवायच्या. नवऱ्याने बायकोच्या नावाने बुकिंग केलं तर तो नवा पाहुणा नव्हे; रजिस्टरमधला पत्ता पाहावा. आणि शिफारस करणाऱ्याचं नाव बुकिंग करतानाच सांगितलेलं असावं. निघताना विचारलं, तर आपणहून आलेल्या पाहुण्याच्या नावापुढे काउंटरवरचा पोरगा आपल्याच मावसभावाचं नाव लिहून टाकेल.

वर्षाअखेरीस रजिस्टर उघडावं. ज्याने दहा कुटुंबं पाठवली पण स्वतः पुन्हा एकदाही फिरकला नाही, तो खूश गिऱ्हाईक नाही, दलाल आहे. त्याला दलाली द्यायला हरकत नाही. पण ती दलाली म्हणून द्यावी, आणि पाहुण्यालाही ते ठाऊक असावं. बसमधल्या प्रवाशाला एवढंच तर कधी कुणी सांगत नाही.