दरडीचा नकाशा: घर पिवळ्यात, धोका वरच्या लाल रंगात

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारने नंतर विधिमंडळात सांगितलं. अशा याद्यांना ज्या नकाशांचा आधार असतो, ते बनतात कसे?

नेहमी वापरली जाणारी एक पद्धत सोपी आहे. भूभागाचे चौकोनी तुकडे पाडायचे, बहुधा ३० मीटरचे. प्रत्येक चौकटीला उतार, पाऊस, खडक आणि जमिनीचा वापर यांसाठी १ ते ५ गुण द्यायचे. मग प्रत्येक घटकाला वजन द्यायचं, समजा ४०, ३०, २० आणि १० टक्के, आणि बेरीज करायची. बेरीज ४च्या वर गेली की लाल रंग, ३ ते ४ असेल तर पिवळा.

समजा, कड्याखालचा तीव्र उतार आहे. उताराला ५, पावसाला ५, झिजलेल्या बेसॉल्टला ४ आणि जंगलाला २ गुण. वजनांनी गुणून बेरीज येते ४.५, म्हणजे लाल. त्याच्याच पायथ्याशी, थोड्या सपाटीवर वस्ती आहे. तिथे उताराला २, पावसाला ५, खडकाला ३ आणि घरं असल्यामुळे जमिनीच्या वापराला ४ गुण. बेरीज ३.३, म्हणजे पिवळा.

आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण खरी गफलत इथेच होते. दरड कुठे सुटेल, एवढंच हा नकाशा सांगतो. ती वाहत कुठवर येईल, हे सांगत नाही. माणसं मात्र पायथ्याशी राहतात! त्यामुळे घराखालच्या चौकटीचा रंग बघून गावाची यादी केली, तर नेमकी धोक्यातली वाडी सुटू शकते. यादी करताना लाल चौकटीपासून उताराच्या दिशेने खाली रेघ ओढली पाहिजे आणि त्या वाटेत येणारं प्रत्येक घर मोजलं पाहिजे.

दुसरी अडचण पावसाची. हवामान विभागाच्या पावसाच्या चौकटी साधारण २५ किलोमीटरच्या असतात. म्हणजे उताराच्या लाखो चौकटींना पावसाचे गुण एकसारखेच. एका खोऱ्यातल्या दोन वाड्यांची तुलना करताना ते ३० टक्के वजन काहीच ठरवत नाही. सगळ्यांची बेरीज तेवढी फुगते.

वजनंही शेवटी तज्ज्ञांच्या अंदाजावर ठरतात. ती तपासण्याचा मार्ग आहे: उताराचं वजन १० टक्क्यांनी कमी करून ते खडकाला द्यायचं आणि किती गावांचा रंग बदलतो ते पाहायचं. शिवाय आधीच्या दरडी नकाशावर टाकायच्या, पण ढिगारा साचला ती जागा नव्हे, माती सुटली ती जागा घेऊन. नाहीतर चांगला नकाशाही नापास ठरेल.

गावांची यादी जाहीर होते, तेव्हा तिच्यासोबत ही वजनं आणि ही तपासणीही जाहीर व्हायला हवी. ग्रामसभेत एखाद्याने ‘आमची वाडी पिवळ्यात का?’ असं विचारलं, तर तलाठ्याला उत्तर देता आलं पाहिजे.