‘मी स्वतः वापरलंय’ असं लिहिणाऱ्या लेखावर किती विश्वास ठेवायचा?

सेल सुरू झाला की ‘नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे काय’ या सर्चला ढीगभर लेख येतात. बहुतेकांत मजकूर एकच: व्याज शून्य, फोनच्या किमतीचे सहा सारखे भाग करा, झालं. गंमत म्हणजे हे लिहिणाऱ्याने कधी क्रेडिट कार्डावर असा हप्ता भरला असता, तर हे वाक्य त्याच्या हातून उतरलंच नसतं.

पैसा आणि आरोग्य या विषयांना गूगल ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ म्हणतं. इथे चुकीची माहिती मिळाली तर माणसाचं खरोखर नुकसान होतं, म्हणून पानं तपासण्याचे निकष जास्त कडक. सर्चचे निकाल कसे येतात हे बघायला गूगलने जगभर माणसं ठेवली आहेत आणि त्यांच्यासाठी एक जाहीर मार्गदर्शिका आहे. तिच्यात आधी तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता एवढंच होतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात ‘एक्सपीरियन्स’, म्हणजे लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव, हा मुद्दा आला. या माणसांनी दिलेल्या मार्कांनी एखादं पान थेट वर-खाली होत नाही. सर्चमधले बदल नीट चाललेत का, हे ताडायला ते वापरतात. त्यामुळे कोणी ‘तुमच्या साइटचा ई-ई-ए-टी स्कोअर वाढवून देतो’ म्हणून पैसे मागत असेल, तर असा आकडा मुळात नाहीच.

पण अनुभव ओळखायचा कसा? परत ईएमआयकडे येऊ. फोन ३०,००० रुपयांचा, मुदत ६ महिने, बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के धरू. दुकानदार किंवा कंपनी आधी व्याजाएवढा डिस्काउंट देते. त्यामुळे कार्डावर कर्ज पडतं साधारण २८,७३० रुपयांचं. बँक त्यावर पूर्ण व्याज लावते, सहा महिन्यांचं मिळून सुमारे १,२७०. दोन्ही मिळून ३०,०००, हप्ता ५,०००. इथपर्यंत जाहिरात खरी आहे.

आता पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट उघडा. हप्त्यात मुद्दल वेगळी दिसते आणि व्याज वेगळं, अंदाजे ३५९ रुपये. त्याखाली आणखी एक ओळ असते: त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६५ रुपयांच्या आसपास. डिस्काउंटने व्याज भरून निघतं, जीएसटी नाही. सहा महिन्यांत हा जीएसटी सुमारे २२९ रुपये होतो. वर प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसह २३५. म्हणजे ‘शून्य’ खर्चाच्या फोनला ४६० रुपयांच्या वर जादा गेले. रक्कम फार मोठी नाही, पण शून्यही नाही.

ही जीएसटीची ओळ जाहिरातीत ठळक दिसत नाही, ती स्टेटमेंटवर दिसते. म्हणून ज्या लेखात ती आहे, तो लिहिणाऱ्याने निदान स्टेटमेंट तरी पाहिलंय असं मी धरतो. ‘मी गेली पाच वर्षं पर्सनल फायनान्समध्ये आहे’ यातून मला काहीच कळत नाही. ‘पहिल्या हप्त्याला ५,००० ऐवजी ५,३०० कापले, कारण फी आणि जीएसटी त्याच बिलात आले’ यातून बरंच कळतं. शिवाय हे वाक्य मी स्वतः आकडेमोड करून पडताळू शकतो: ५,००० + ६५ + २३५.

मात्र इथेच अनुभवाची मर्यादा पण आहे. समजा दुसऱ्या कोणी फायनान्स कंपनीच्या साध्या कर्जावर तोच फोन घेतला. तो लिहील, ‘माझ्या व्याजावर जीएसटी लागलाच नाही.’ तोही खोटं बोलत नाहीये. साध्या कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून सूट आहे, क्रेडिट कार्डाच्या व्याजाला नाही. दोघांचे अनुभव खरे, निष्कर्ष उलटे. त्यांच्यातला फरक सांगायला अनुभव पुरत नाही, नियम माहीत असावा लागतो. चांगला लेख ‘माझ्या बाबतीत असं झालं’ आणि ‘नियम असा आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो.

आरोग्याच्या लेखात ही सरमिसळ महागात पडते. ‘मी तीन महिन्यांत शुगर घालवली’ हा आपल्याकडचा लाडका मथळा. त्यात फक्त उपाशीपोटीचं एक रीडिंग दिलं असेल, तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. ते रोज बदलतं. एचबीए१सी ही टेस्ट साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ती आधी किती होती, नंतर किती, तारखा कोणत्या, औषधं चालू होती का, कमी केली तर कोणी केली, हे सगळं लिहिणारा माणूस मला खरा वाटतो. तरीसुद्धा ‘तुम्ही पण गोळी बंद करा’ हे सांगायचा हक्क त्याला मिळत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कोणी त्याचं बघून भात-पोळी एकदम बंद केली, तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गूगलची मार्गदर्शिकाही हेच धरून चालते: आजाराशी आपण कसं जुळवून घेतलं हे रुग्णाने सांगणं मोलाचं, पण मजकूर सुरक्षित हवा आणि तज्ज्ञांच्या सर्वमान्य मताशी जुळणारा हवा.

राहता राहिली लेखाखालची चौकट: हसरा फोटो, ‘डॉक्टरांनी तपासलेला लेख’ आणि ताजी तारीख. मी वेबसाइटी बनवतो, त्यामुळे ही तारीख कशी ताजी राहू शकते ते एका ओळीत दाखवतो:

```js
const lastReviewed = new Date().toISOString().slice(0, 10);
```

साइट पुन्हा बिल्ड झाली की लेख ‘आजच तपासला’ होतो. कोणी वाचलेला असो वा नसो. शंका आली तर `web.archive.org` वर त्याच पानाची जुनी प्रत काढा आणि मजकूर शेजारी शेजारी ठेवा. तारीख बदलली आणि एक शब्दही बदलला नाही, तर काय ते समजा.

नावाचंही तसंच. डॉक्टर असतील तर नाव राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत शोधता येतं. महाराष्ट्राच्या कौन्सिलच्या साइटवर ही सोय आहे. गुंतवणुकीच्या लेखात सेबीचा नोंदणी क्रमांक बघा. सल्लागाराचा `INA` ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा `INH` ने, आणि दोन्ही सेबीच्या साइटवर नावासकट तपासता येतात. नुसता क्रमांक जुळला म्हणून थांबू नका, नावही तेच आहे का ते पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवायला कॉपी-पेस्ट पुरते. आणि क्रमांक `ARN` ने सुरू होत असेल, तर समोरचा म्युच्युअल फंडाचा वितरक आहे. त्यात गैर काही नाही, पण त्याने सुचवलेली रेग्युलर योजना तुम्ही त्याच्यामार्फत घेतलीत की त्याला कमिशन मिळतं, आणि ते योजनेच्या खर्चातून, म्हणजे तुमच्याच पैशातून जातं.