रात्रपाळीची हजेरी कोणत्या तारखेची?

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर एमआयडीसीत महिना उलटला की कारखान्यांच्या टाइम ऑफिसांत एकच घाई सुरू होते. बायोमेट्रिक यंत्रातले महिन्याभराचे पंच बाहेर काढायचे, एक्सेलमध्ये टाकायचे आणि विभागवार हजेरीचा गोषवारा वर पाठवायचा. त्यावर पगार ठरतो, कंत्राटदाराचे बिल पास होते आणि कोणत्या खात्यात खाडे वाढलेत यावर साहेब बोलतात. पिव्होट टेबल लावणे हा यातला सर्वांत सोपा भाग. ओळींत विभाग, स्तंभांत तारखा आणि मध्ये मोजणी एवढे केले की तक्ता तयार होतो. तो बहुतेकदा चुकीचा असतो, आणि चूक पिव्होटमध्ये नसून त्याआधी, पंचाला तारीख लावताना झालेली असते.

यंत्राला ‘हजेरी’ ठाऊक नसते. अमुक क्रमांकाच्या माणसाने अमुक क्षणी बोट लावले, एवढेच ते नोंदवते. आत जाताना की बाहेर पडताना, हे दाखवणारे बटण काही यंत्रांवर असते, पण पाळी सुटल्यावर गेटवर झुंबड उडालेली असताना ते दाबण्याच्या फंदात कोणी पडत नाही. त्यामुळे तो रकाना असून नसल्यासारखा. हाती खरोखर उरतात दोनच गोष्टी, माणसाचा क्रमांक आणि वेळ.

नमुन्यादाखल उत्पादन खात्यातला ११४७ क्रमांकाचा एक काल्पनिक कामगार घेऊ. पाळ्या नेहमीच्याच आहेत: सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा, अकरा ते सकाळी सात. त्याने ओळीने तीन रात्री काम केले. तिसऱ्या रात्री पावसाने लोकल रखडल्या आणि तो मध्यरात्र उलटल्यावर पोहोचला.

```
1147  2025-07-08 22:47:10
1147  2025-07-09 07:06:41
1147  2025-07-09 22:51:05
1147  2025-07-10 07:03:30
1147  2025-07-11 00:18:22
1147  2025-07-11 07:04:15
```

पंचाच्या वेळेतून नुसती तारीख वेगळी काढून पिव्होट लावला, तर या माणसाच्या नावावर आठ, नऊ, दहा आणि अकरा अशा चार हजेऱ्या लागतात. पाळ्या मात्र तीनच झाल्या आहेत. दिवसाचा पहिला आणि शेवटचा पंच धरून तास काढले तर गंमत आणखी वाढते. आठ आणि दहा तारखेला शून्य तास, आणि नऊ तारखेला सकाळी सातपासून रात्री पावणेअकरापर्यंत पावणेसोळा तास. त्या वेळात तो घरी झोपलेला होता.

ही एका माणसाची किरकोळ गडबड म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती ठरावीक रीतीने वाढत जाते. सलग सहा रात्रींच्या सात तारखा होतात, आणि सातवी तारीख नेमकी साप्ताहिक सुट्टीची असते. खात्यात ३० माणसे आहेत आणि दर आठवड्याला १० जण रात्रपाळीला असतात असे धरले, तर चार आठवड्यांत ४० हजेऱ्या हवेतून येतात. सगळ्यांनी एकही खाडा न करता काम केले असते तरी खऱ्या हजेऱ्या ७२० होतात. म्हणजे साडेपाच टक्क्यांचा फुगवटा झाला. त्याहून वाईट गोष्ट अशी की रात्रपाळीतला खाडा या पद्धतीत दिसतच नाही. चौथ्या रात्री माणूस आला नाही, तरी तिसऱ्या रात्रीचा सुटण्याचा पंच चौथ्या तारखेच्या सकाळी पडलेला असतो. सहापैकी पाच रात्री आलेल्याच्याही सातच तारखा भरतात. एकच पाळी चालणाऱ्या लेखा विभागाचे आकडे मात्र अचूक येतात, आणि मग दोन विभागांची तुलना करून लेखा विभागाला बोल लावला जातो.

रात्रपाळीचा दिवस कोणता, याचा निकाल कायद्याने फार पूर्वी लावला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ ने ठरवून दिले होते, की पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस त्याची पाळी संपल्यावर सुरू झाला असे मानायचे. जुन्या मस्टरवर टाइमकीपर हेच करत असे. कामगार सकाळी सातला बाहेर पडला म्हणून त्याने कधी दुसऱ्या तारखेच्या चौकटीत ‘हजर’ मांडले नाही. कागदावर जे आपोआप होत होते, ते एक्सेलला सांगावे लागते.

सांगायचे कसे? पहिला उपाय बहुतेकांना सुचतो तो असा, की प्रत्येक पंचातून ठरावीक तास वजा करायचे, म्हणजे दिवस मध्यरात्रीऐवजी सकाळी सुरू होईल. तीन पाळ्यांच्या कारखान्यात हे टिकत नाही. दिवस सहाला सुरू केला तर रात्रपाळीचा ७.०६ चा सुटण्याचा पंच पुढच्या दिवसात जातो. साडेसातला केला तर पहिल्या पाळीसाठी पावणेसातला आलेला माणूस आदल्या दिवशी हजर दिसतो. पहाटे साडेसहा ते साडेसात या तासात येणारे आणि जाणारे एकाच गेटवर असतात, त्यामुळे घड्याळाच्या कोणत्याही एका रेषेने त्यांना वेगळे करता येत नाही.

म्हणून आधी पंचांच्या पाळ्या बांधायच्या आणि मगच तारीख द्यायची. नोंदी आधी क्रमांकाने आणि त्यात वेळेने लावून घ्याव्यात. A स्तंभात क्रमांक, B मध्ये वेळ, पहिली ओळ शीर्षकांची. मग C2 आणि D2 मध्ये ही दोन सूत्रे टाकून खाली ओढावीत:

```
C2:  =IF(A2<>A1, B2, IF(B2-C1<13/24, C1, B2))
D2:  =INT(C2-4/24)
```

पहिले सूत्र पाळीची सुरुवात ठरवते. माणूस बदलला, की नवी पाळी. माणूस तोच असेल आणि चालू पाळी सुरू होऊन तेरा तास झालेले नसतील, तर हा पंच त्याच पाळीतला. तेरा हा आकडा उगाच घेतलेला नाही. आठ तासांची पाळी आणि चार तास ओव्हरटाइम बारा तासांत मावतात. दुसरीकडे, माणसाची पाळी बदलली तरी एक पाळी मध्ये सोडून आलेल्याच्या दोन सुरुवातींत सोळा तासांचे अंतर असते. बारा आणि सोळा यांच्यामध्ये कुठेतरी रेघ ओढायची आहे. बारा तासांच्या पाळ्या असलेल्या कारखान्याने हा आकडा पुन्हा तपासला पाहिजे.

दुसरे सूत्र पाळीच्या सुरुवातीतून चार तास वजा करून तारीख देते. रात्री पावणेअकराची सुरुवात त्याच तारखेला राहते, पहाटे पावणेसातचीही राहते, आणि मध्यरात्रीनंतर १२.१८ ला उशिरा पोहोचलेला आमचा ११४७ दहा तारखेत परत जातो. वजाबाकी इथे चालते, कारण ती सगळ्या पंचांवर नसून फक्त सुरुवातींवर आहे, आणि पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान कोणाचीच पाळी सुरू होत नाही. आता त्याच्या हजेऱ्या आठ, नऊ आणि दहा अशा तीन होतात.

यानंतर पहिला पिव्होट विभागाचा नसतो. ओळींत क्रमांक, पाळीची सुरुवात आणि हजेरीची तारीख. किमतींत पंचाची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी वेळ. त्यातून दर पाळीला एक ओळ मिळते. ती यादी वेगळ्या पानावर किमती म्हणून चिकटवावी, तिला कर्मचारी यादीतून विभाग जोडावा आणि मग त्या यादीवर विभागवार पिव्होट लावावा. थेट पंचांवर मोजणी केली तर चहाला बाहेर जाऊन आलेला माणूस चार वेळा मोजला जातो. विभाग न सापडलेले क्रमांक गाळू नयेत, ‘विभाग नाही’ अशी ओळ करून तक्त्यातच ठेवावेत. नवी भरती आणि कंत्राटी माणसे बहुधा तिथेच सापडतात. जुलैच्या गोषवाऱ्यासाठी पंच मात्र ३० जून ते १ ऑगस्ट असे घ्यावेत आणि गाळणी D स्तंभावर लावावी. नाहीतर ३१ तारखेच्या रात्रपाळीला सुटण्याचा पंचच मिळत नाही, आणि ३० जूनची रात्रपाळी १ जुलैच्या सकाळी सुरू झाल्यासारखी दिसते.

आता उरतात न जुळणाऱ्या नोंदी, आणि खरी परीक्षा इथेच आहे. पाळीत एकच पंच असेल तर दुसरा विसरला गेला असावा. पण ‘पंच एकच आहे का’ असे विचारून भागत नाही. बोट नीट वाचले गेले की नाही या शंकेने लोक दोनदा लावतात, आणि मग एका येण्याचेच दोन पंच होतात. त्याऐवजी पाळीचा पहिला आणि शेवटचा पंच यांत अर्ध्या तासाहून कमी अंतर असेल तर ती पाळी अपुरी धरावी. रसायने किंवा खरबरीत वस्तू हाताळणाऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. त्यांची नोंद सुरक्षारक्षकाच्या वहीत असते. ती हाताने भरावी, पण ‘वहीतून’ असा शेरा वेगळ्या रकान्यात ठेवून.

डबल ड्युटी ही दुसरी अडचण. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती. असे दिवस इकडे नवे नाहीत, आणि अशा दिवशी रिलीव्हर येत नाही म्हणून पाळीवरचा माणूस तसाच पुढे थांबतो. दुपारी २.५० ला आत आलेला दुसऱ्या दिवशी सकाळी ७.०५ ला बाहेर पडतो. सोळा तासांमुळे सूत्र त्याच्या दोन अपुऱ्या पाळ्या करते, आणि दुसरी पुढच्या तारखेला पडते. तेराऐवजी सतरा तास धरून हे सुटत नाही, कारण मग खरोखर पाळी बदलून आलेल्या माणसाच्या दोन पाळ्या एक होतात. सोळा तासांच्या अंतराने लागोपाठ पडलेल्या दोन अपुऱ्या पाळ्या दिसल्या, की त्या खात्याच्या सुपरवायझरला विचारणे हाच मार्ग. विभागवार तक्त्यात ‘हजर’ शेजारी ‘अपुरी नोंद’ असा स्तंभ असावा, आणि विचारपूस होईपर्यंत त्या नोंदी कोणत्याही बाजूला ढकलू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस धरून गुपचूप भरल्या, तर पुढच्या महिन्यात त्या भरलेल्या होत्या हेही कोणाला आठवत नाही.

शेवटी टक्केवारी. पिव्होट फक्त आलेल्यांना मोजतो, कारण न आलेल्याची ओळच नसते. खात्यातली सगळी माणसे एखाद्या दिवशी गैरहजर असतील तर त्या चौकटीत शून्यही येत नाही, ती रिकामी राहते, आणि सरासरी काढताना एक्सेल तो दिवस सोडून देते. म्हणून भागाकाराचा खालचा आकडा पंचांतून कधीच घेऊ नये. तो कर्मचारी यादीतून यावा: प्रत्येक माणसाचे कामावर असलेल्या काळातले कामाचे दिवस, त्यांची विभागवार बेरीज. पंधरा तारखेला रुजू झालेल्याचे पूर्ण महिन्याचे दिवस धरले की तो अर्धा महिना गैरहजर ठरतो. यादीत माणसाचा फक्त आजचा विभाग असेल आणि तो महिन्याच्या मध्यात पॅकिंगमधून उत्पादनात गेला असेल, तर त्याच्या आधीच्या हजेऱ्याही उत्पादनात जातात. जुलैचा तोच तक्ता सप्टेंबरमध्ये पुन्हा काढला की आकडे बदललेले दिसतात ते यामुळे. कर्मचारी यादीत विभागासमोर ‘कधीपासून’ ही तारीख ठेवून बदलीगणिक नवी ओळ घातली, आणि विभाग जोडताना हजेरीच्या तारखेला लागू असलेली ओळ घेतली, तर जुलैचे आकडे जुलैचेच राहतात.