गुण उत्तराला की चेहऱ्याला?

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे स्वीडनमधली विद्यापीठे एका झटक्यात ऑनलाइन झाली. लुंड विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे वर्गही बंद पडले. अभ्यासक्रम तोच, विषय तेच. फक्त शिक्षक आणि विद्यार्थी यांची समोरासमोर गाठ पडणे थांबले. अर्थशास्त्राचे संशोधक एड्रियन मेहिच यांना या अडचणीत एक आयता प्रयोग दिसला. देखण्या विद्यार्थ्यांना जास्त गुण मिळतात, ही कुजबुज प्रत्येक शाळेत असते. पण ते गुण हुशारीचे की दिसण्याचे, हे एरवी वेगळे काढता येत नाही. आता चेहरा जवळजवळ अदृश्य झाला होता आणि विद्यार्थी मात्र तेच होते.

मेहिच यांनी ३०७ विद्यार्थ्यांची छायाचित्रे ७४ जणांसमोर ठेवली आणि दिसण्याला गुण द्यायला सांगितले. मग हे आकडे विद्यार्थ्यांच्या खऱ्या निकालाशी ताडून पाहिले. त्यांनी विषयांचे दोन गट केले. गणित, भौतिकशास्त्र यांसारख्या विषयांत बहुतेक सगळे शेवटच्या लेखी परीक्षेवर ठरते. व्यवस्थापन, अर्थशास्त्र अशा विषयांत मात्र गटकार्य, सादरीकरण, निबंध, चर्चा असते. तिथे शिक्षक विद्यार्थ्याला ओळखत असतो.

वर्ग प्रत्यक्ष भरत होते तेव्हा गणितासारख्या विषयांत दिसण्याचा फायदा आढळला नाही. दुसऱ्या गटातल्या विषयांत तो आढळला, मुलांनाही आणि मुलींनाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण देखणी मुले मुळातच जास्त हुशार असती, तर ती हुशारी गणितातही दिसायला हवी होती. वर्ग ऑनलाइन झाल्यावर याच विषयांतल्या सुंदर मुलींचे गुण घसरले. देखण्या मुलांचा फायदा मात्र टिकून राहिला. फरक फार मोठा नव्हता, पण त्याचा विषय आणि त्याची वेळ या दोन्ही गोष्टी बोलक्या आहेत.

मेहिच यांनी यातून काढलेला अर्थ असा, की मुलींच्या बाबतीत जास्तीचे गुण बहुधा पाहणाऱ्याच्या नजरेतून येत होते. नजर हटली, गुण गेले. मुलांच्या बाबतीत दिसण्यातून आलेला आत्मविश्वास किंवा लोकांत मिसळण्याचे कौशल्य कामी येत असावे, आणि ते पडद्याआडूनही चालते. हा एका विद्यापीठाचा, एका शाखेचा अभ्यास आहे. त्यावरून जगभरच्या शिक्षकांवर शिक्का मारता येणार नाही. पण अमेरिकेत डेन्व्हरच्या एका विद्यापीठात ओळखपत्रांवरच्या छायाचित्रांवरून झालेल्या पाहणीतही विद्यार्थिनींबाबत असेच दिसले. प्रत्यक्ष वर्गात फायदा होता आणि ऑनलाइन अभ्यासक्रमात तो कमी झाला.

इथे शिक्षक मुद्दाम पक्षपात करतात असा आरोप करणे सोपे आहे, आणि चुकीचेही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पाचवीच्या शेकडो शिक्षकांना एका मुलाचे प्रगतिपुस्तक पाठवण्यात आले. मजकूर सगळ्यांना एकच. वर चिकटवलेला फोटो तेवढा वेगळा, कोणाकडे गोंडस मुलाचा तर कोणाकडे साध्या चेहऱ्याचा. गोंडस फोटो मिळालेल्या शिक्षकांनी त्या मुलाची बुद्धी जास्त मानली, तो पुढे जास्त शिकेल असे सांगितले. एवढेच नव्हे, तर त्याच्या आईवडिलांना त्याच्या अभ्यासाची जास्त काळजी असावी, असाही अंदाज केला! या शिक्षकांनी मुलाला कधी पाहिले नव्हते. त्यांचे ना त्याच्याशी वैर होते, ना लळा. एका चांगल्या गोष्टीवरून मन बाकीच्या चांगल्या गोष्टी परस्पर गृहीत धरते. ते नकळत होते, म्हणून ‘मी असे करत नाही’ असे एखादे शिक्षक मनापासून सांगत असले, तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

गुणांपेक्षा खोल परिणाम आत्मविश्वासावर होतो. अर्थशास्त्रज्ञ मोबियस आणि रोझेनब्लाट यांनी अर्जेंटिनात एक प्रयोग केला होता. लोकांना भूलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. आपण किती कोडी सोडवू, याचा अंदाज देखण्या लोकांनी जास्त सांगितला. प्रत्यक्षात त्यांनी इतरांइतकीच सोडवली. पुढची गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. त्यांच्याशी केवळ फोनवर बोललेल्या, चेहरा न पाहिलेल्या मालकांनीही त्यांनाच अधिक सक्षम मानले. वर्षानुवर्षे मिळालेले हसू, शाबासकी आणि ‘तू सांग बघू’ हे सगळे आवाजात उतरलेले असते. लुंडच्या मुलांचे गुण ऑनलाइनही का टिकले असतील, याचा एक धागा इथे सापडतो. याची उलटी बाजू मात्र कोणत्याच गुणपत्रिकेत येत नाही. ज्या मुलीला स्नेहसंमेलनात कायम मागच्या रांगेत उभे केले, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला कधीच बोलावले नाही, ती तोंडी परीक्षेत बरोबर उत्तरही अडखळत देते. मग तिचे गुण अडखळल्यामुळे जातात, आणि ते कागदावर न्याय्यच दिसतात.

आपल्याकडे ‘छान दिसणे’ म्हणजे केवळ नाकडोळे नसतात. त्यात रंग येतो, इस्त्रीचा गणवेश येतो, तेल लावून घट्ट घातलेली वेणी की पार्लरमध्ये कापलेले केस, हेही येते. म्हणजे दिसण्याला दिलेल्या गुणांत घरची ऐपत आणि पुष्कळदा जातही शिरते.

राज्य मंडळाच्या दहावीत बहुतेक विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. लेखी उत्तरपत्रिका बारकोड लावून अनोळखी परीक्षकाकडे जाते. तिथे चेहऱ्याला वाव नाही. उरलेले २० गुण शाळेतल्याच, ओळखीच्या शिक्षकांच्या हातात. समजा, दोन मुलींना मराठीच्या लेखी परीक्षेत ८० पैकी ६२ गुण आहेत. अंतर्गत मूल्यमापनात एकीला १९ आणि दुसरीला १५ मिळाले. एकाच जोडीवरून काहीच म्हणता येत नाही. दुसरीने खरेच स्वाध्याय वेळेवर दिला नसेल. पण शाळेने चार-पाच वर्षांचे निकाल काढून, सारखे लेखी गुण असलेल्या मुलांचे अंतर्गत गुण शेजारी मांडले आणि तफावत पुन्हा पुन्हा ठरावीक मुलांच्याच बाजूने झुकत असेल, तर ती योगायोगाची नाही. अर्थात जिथे सगळ्यांनाच सरसकट १८-१९ वाटले जातात, तिथे ही पडताळणीही निरुपयोगी ठरते. पण सरसकट गुण वाटणे हा पक्षपातावरचा उपाय मानायचा असेल, तर मूल्यमापन हवेच कशाला?

स्वाध्यायाच्या वह्यांवर नावाऐवजी क्रमांक लिहायला खर्च येत नाही. तपासताना एका मुलाची सगळी वही एका दमात न तपासता आधी सगळ्यांचे पहिले उत्तर, मग सगळ्यांचे दुसरे, असे तपासले तर पहिल्या उत्तराने झालेले मत पुढच्या उत्तरांवर सांडत नाही. तोंडी परीक्षेत चेहरा झाकता येत नाही, हे खरे. तिथे निदान प्रश्न सगळ्यांना सारखे ठेवता येतात, कशाला किती गुण हे आधी लिहून ठेवता येते आणि प्रत्येक उत्तर संपताच आकडा टाकता येतो. साठ मुलांच्या वर्गात, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे सांभाळून शिक्षकांनी हे कधी करायचे, हा प्रश्नही खराच आहे. थकलेला परीक्षक पहिल्या नजरेवरच जास्त विसंबतो.

शिक्षकाने हात वर केलेल्या मुलांपैकी कोणाला उठवले, चुकल्यावर कोणासाठी दोन क्षण जास्त थांबले, हे मात्र कोणत्याही बारकोडने झाकता येत नाही.