पावसाचे शब्द एका दोरीवर मावत नाहीत



पावसाळ्यात भाषेच्या तासाला एक सराव हमखास असतो. ‘पुढील शब्द हलक्या पावसापासून जोरदार पावसापर्यंत क्रमाने लावा.’ मीही तो दरवर्षी घ्यायचे. आता तो तसाच घेऊ नये, असं माझं मत झालंय. का ते सांगते.

यंदा चौथीच्या वर्गात मी दोरी बांधली आणि सहा चिठ्ठ्या दिल्या. भुरभुर, रिमझिम, सर, रिपरिप, संततधार, मुसळधार. मुलांनी चिमट्याने त्या क्रमाने लावायच्या होत्या. भुरभुर लगेच पहिली लागली. पीठ किंवा मीठ भुरभुरतात तसा, अंगावर जाणवतो पण कपडे भिजवत नाही, असा तो पाऊस. रिमझिम त्याच्या पुढे गेली. भांडण झालं ते शेवटच्या जागेसाठी.

एक मुलगी म्हणाली, “बाई, संततधार शेवटी. ती लागली की दिवसभर बाहेर पडता येत नाही.” शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, “पण ती कधीकधी बारीकच असते की! मुसळधार शेवटी.”

मला दोघांचंही पटलं. चूक मुलांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती.

हे शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. काही शब्द पावसाचा जोर सांगतात, काही तो किती वेळ टिकला ते. मुसळधार म्हणजे मुसळासारख्या जाड धारांचा. इथे जोर आहे, वेळेबद्दल काहीच नाही. संतत म्हणजे न थांबता. संततधारेत खंड नाही, पण धार जाड की बारीक हे तो शब्द सांगत नाही. अर्थ शब्दातच आहे, आपण तो फोडून दाखवत नाही एवढंच.

मग मी दुसरी दोरी बांधली. पहिलीवर प्रश्न लिहिला, ‘किती जोर?’ तिथे भुरभुर, रिमझिम आणि मुसळधार लागले. दुसरीवर लिहिलं, ‘किती वेळ?’ तिथे आधी सर, कारण ती येते आणि जाते. मग रिपरिप, थेंब बारीक पण कंटाळा येईस्तोवर चालणारी. मग संततधार. एका मुलाने सुचवलं, “आजी झड लागली म्हणते.” कित्येक दिवस सूर्य दिसू न देणारी झड सगळ्यात शेवटी गेली. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत हा शब्द अजून रोजचा आहे, पण आमच्या चिठ्ठ्यांत तो नव्हताच.

“मग जास्त पाणी कशात पडतं?” हा प्रश्न मुलांनीच काढला. फळ्यावर हिशोब केला. तासाला ३ मिलिमीटर म्हणजे साधी रिपरिप. ती २४ तास थांबलीच नाही तर ३ × २४ = ७२ मिलिमीटर. हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा पाऊस मोजतं आणि ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पावसाचा गट सुरू होतो. बातमीत त्यालाच बहुतेक वेळा ‘मुसळधार’ म्हणतात. म्हणजे खिडकीतून बघणाऱ्याची रिपरिप दुसऱ्या दिवशी पेपरात मुसळधार होऊ शकते! दोघंही खोटं बोलत नाहीत. एक धार बघतो, दुसरा दिवसाची बेरीज. उलट ढगफुटी ठरते ती तासावर. लहानशा भागात एका तासात साधारण १०० मिलिमीटर पडला तर ती ढगफुटी.

म्हणून माझी विनंती आहे. रिमझिम आधी की झिमझिम आधी, यावर कुणाचा गुण कापू नका. त्या दोघींत पायरीचा फरक नाहीच. उत्तरापेक्षा मुलाचं कारण ऐका.

पालकहो, घरी एवढंच करा. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. सकाळी आत पट्टी धरून पाणी मोजा. शेजारी मुलाला कालच्या पावसाचा शब्द लिहू द्या. आठवड्याभरात एक दिवस असा निघेल, की शब्द लहान आणि पाणी जास्त. त्या दिवशी त्याला विचारा, “असं कसं झालं?” तो ‘किती वेळ पडत होता’ हे सांगू लागला, की दुसरी दोरी त्याला कळली.