किमतीची अट गेली, जाहीर करण्याची जबाबदारी राहिली

मुंबई, खास प्रतिनिधी

आखाती देशांत किंवा अमेरिकेत काही वर्षे काढून कुटुंबासह परतणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात सोन्याचे दागिने असतातच. या दागिन्यांना लागू होणारा नियम दहा वर्षांनंतर बदलला आहे. फेब्रुवारी 2026 मध्ये अमलात आलेल्या नव्या बॅगेज नियमांनी शुल्कमुक्त दागिन्यांवरील किमतीची मर्यादा काढून टाकली असून आता केवळ वजन पाहिले जाते. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेली भारतीय वंशाची महिला 40 ग्रॅम आणि पुरुष 20 ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्काविना आणू शकतो. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी विमानतळावर कुटुंबांची जी अडचण होते तिचे कारण बहुतेक वेळा दागिन्यांची कागदपत्रे आणि ते जाहीर न करणे हे असते. त्या बाबतीत फारसे काही बदललेले नाही.

जुनी मर्यादा कशी कुचकामी ठरली?

2016 च्या नियमांतही वजन हेच होते. पण त्याला पुरुषासाठी 50 हजार आणि महिलेसाठी एक लाख रुपयांची जोड होती. त्या वर्षी शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला 28 ते 30 हजारांच्या घरात होता. त्यामुळे 20 ग्रॅमची साखळी साधारण पन्नास हजारांत बसत असे आणि वजन व किंमत या दोन्ही अटी एकमेकींशी जुळत. पुढे भाव चढत गेला, मर्यादा मात्र जागेवरच राहिली. एप्रिल 2025 मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा पुरुषाची सवलत जेमतेम पाच ग्रॅमवर आणि महिलेची दहा-अकरा ग्रॅमवर आली होती. नियमात 40 ग्रॅम लिहिलेले वाचून निश्चिंत झालेली गृहिणी दोन बांगड्यांसाठी अडवली जाई, ती यामुळेच.

नवी सवलत वजनावर असल्याने भाव कितीही चढला, तरी ती आक्रसणार नाही. मात्र तिच्या दोन मर्यादा लक्षात घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे ती फक्त दागिन्यांना आहे. सोन्याचे नाणे, बिस्कीट किंवा वळे दागिन्यांत धरले जात नाही आणि त्यावर पहिल्या ग्रॅमपासून शुल्क लागते. दुसरी म्हणजे ती वर्षभराच्या वास्तव्याशी बांधलेली आहे. महिनाभर दुबई पाहून आलेल्या किंवा मुलाकडे तीन महिने राहून परतणाऱ्या आईला ती मिळत नाही.

एका कुटुंबाचा हिशेब

समजा, सहा वर्षे दुबईत नोकरी केलेला एक अभियंता पत्नीसह रत्नागिरीस परतत आहे. तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे आलेली त्याची आईही सोबत आहे. पत्नीजवळ 48 ग्रॅमच्या चार बांगड्या, 25 ग्रॅमचा हार आणि लग्नातले 18 ग्रॅमचे मंगळसूत्र असे 91 ग्रॅम सोने आहे. पतीची साखळी व अंगठी मिळून 24 ग्रॅम भरते. आईच्या अंगावरील मंगळसूत्र आणि पाटल्यांचे वजन 40 ग्रॅम आहे. हे सारे दागिने खडे नसलेले, साध्या घडणीचे आहेत असे धरू.

मंगळसूत्र भारतातूनच नेल्याचे सीमाशुल्क विभागाचे प्रमाणपत्र पत्नीकडे असेल, तर ते 18 ग्रॅम हिशेबातून वगळले जातात. उरलेल्या 73 ग्रॅमपैकी 40 ग्रॅम मोफत आणि 33 ग्रॅमवर शुल्क. पतीच्या 24 पैकी 20 ग्रॅम मोफत, चार ग्रॅमवर शुल्क. म्हणजे दोघांचे मिळून 37 ग्रॅम शुल्कपात्र ठरतात. सोपेपणासाठी ग्रॅमचा भाव दहा हजार रुपये धरला, तर ही किंमत तीन लाख 70 हजार होते.

शुल्क किती, हे प्रवासी किती काळ परदेशात होता यावर ठरते. किमान सहा महिने परदेशात राहून आलेला भारतीय पारपत्रधारक किंवा भारतीय वंशाचा प्रवासी ‘पात्र प्रवासी’ मानला जातो. या काळात भारतात मारलेल्या छोट्या फेऱ्या मिळून तीस दिवसांपेक्षा जास्त नसाव्यात. पात्र प्रवाशाला एक किलोपर्यंतचे सोने सवलतीच्या दराने आणता येते. मात्र हे शुल्क परकीय चलनात भरावे लागते आणि खडे वा मोती जडवलेले दागिने या सवलतीत बसत नाहीत. हा सवलतीचा दर 2025 मध्ये सहा टक्के होता, तर पात्र नसलेल्या प्रवाशाला साडेअडतीस टक्के भरावे लागत. त्या दरांनी पती-पत्नीचे शुल्क 22 हजार 200 रुपये होते. सासूबाई मात्र वर्षभराच्या सवलतीतही नाहीत आणि सहा महिन्यांच्या पात्रतेतही नाहीत. त्यांचे दागिने भारतातूनच नेलेले होते, हे सिद्ध झाले नाही, तर चार लाखांच्या सोन्यावर एक लाख 54 हजारांची मागणी होऊ शकते. घरात सर्वांत कमी दागिने असलेल्या महिलांपैकी एकीवर सर्वाधिक बोजा, असे हे उलटे गणित आहे.

दर अर्थसंकल्पात आणि अधूनमधून अधिसूचनांनीही बदलतात. जुलै 2022 मध्ये सोन्यावरील एकूण आयात शुल्क 15 टक्क्यांवर नेण्यात आले होते, तर जुलै 2024 मध्ये ते सहा टक्क्यांवर आले. कायद्यानुसार सामान जाहीर केले जाते त्या तारखेचा दर लागू होतो, सोने खरेदी केले त्या दिवसाचा नव्हे. म्हणून निघण्यापूर्वी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून घेणे श्रेयस्कर. वजन वाढेल तसतसा तीन, सहा, दहा टक्के असा चढत जाणारा दर दाखविणारे तक्ते समाजमाध्यमांवर फिरत असतात. बॅगेज नियमांत अशी पायऱ्यांची रचना नाही.

निघतानाच घ्यावयाचा कागद

आईचे 40 ग्रॅम वाचविणारा कागद भारतातून निघतानाच मिळतो. विमानतळावरील प्रस्थान विभागात सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे दागिने, पारपत्र, तिकीट आणि खरेदीची पावती किंवा सराफाचे मूल्यांकन ठेवले, की तो वर्णन व वजन नोंदवून निर्यात प्रमाणपत्र देतो. परत येताना ते दाखविले, की तेच दागिने शुल्काविना आत येतात. अधिकारी प्रत्यक्ष दागिना पाहूनच नोंद करतो. त्यामुळे दागिने मोठ्या बॅगेत टाकून ती विमान कंपनीकडे सोपविल्यावर प्रमाणपत्र मागता येत नाही. या कामासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे लागते, आणि घाईमुळे बहुतेक प्रवासी ते टाळतात. रत्नागिरीच्या सराफाची जुनी पावती आणि दागिने घातलेली लग्नातली छायाचित्रे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. पण प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत.

हिरवी की लाल?

मुंबईत उतरल्यावर सवलतीपेक्षा एक ग्रॅमही अधिक असेल, तर प्रवाशाने लाल मार्गाने जावे. सीमाशुल्क कायद्याच्या 77 व्या कलमानुसार सामान जाहीर करणे ही मालकाची जबाबदारी आहे. ‘अतिथी’ या सरकारी मोबाइल ॲपवरून हे निवेदन आधीच भरता येते. अधिकृत मूल्यांकनकार दागिन्यांचे वजन व शुद्धता तपासतो आणि मंडळाने अधिसूचित केलेल्या मूल्याच्या आधारे शुल्क काढले जाते. दुबईच्या दुकानात किती पैसे दिले, यावर ते अवलंबून नसते.

शुल्कपात्र सोने घेऊन हिरव्या मार्गाने जाणे म्हणजे ‘जाहीर करण्यासारखे काही नाही’ असे सांगणे होय. तेथे अडवले गेल्यास प्रश्न शुल्काचा राहत नाही. दागिने जप्त होऊ शकतात. ते सोडविण्यासाठी शुल्काखेरीज दंड आणि वेगळी शास्तीही भरावी लागते. जाहीर करणाऱ्याला मात्र आणखी एक दार खुले राहते. पैसे नसतील किंवा शुल्क भरायचे नसेल, तर 80 व्या कलमाखाली दागिने तात्पुरते अडकवून ठेवून परत जाताना नेण्याची विनंती करता येते. खरे निवेदन केलेल्या प्रवाशालाच ही मुभा आहे.

दागिने अडविले गेल्यास पावतीवर प्रत्येक नगाचे वर्णन, वजन आणि शुद्धता लिहिली आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी पाहावे. कारणे दाखवा नोटिशीचा आणि सुनावणीचा हक्क सोडत असल्याचा छापील मजकूर समोर आला, तर तो वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये. अशा छापील कागदावरून प्रवाशाने हक्क सोडला असे मानणे दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अनेक प्रकरणांत अमान्य केले आहे. अंगावरील वापरातले दागिने आणि व्यापारासाठी आणलेले सोने यांत फरक करावा, अशीही या न्यायालयाची भूमिका राहिली आहे. तथापि न्यायालयात दाद मागून दागिने परत मिळविण्यात महिनोन्महिने जातात. त्यापेक्षा लाल मार्गावरील अर्धा तास स्वस्त पडतो.

दागिने कुठे ठेवावेत?

दागिने हातातल्या बॅगेतच असावेत. माल म्हणून सोपविलेली बॅग हरवली, तर मॉन्ट्रियल करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे 1,519 ‘एसडीआर’ इतकीच आहे. ही मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून लागू असून ती पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास जाते. त्यात कपड्यांपासून भेटवस्तूंपर्यंत सारे आले. उदाहरणातील पत्नीच्या 91 ग्रॅमची किंमतच नऊ लाखांवर आहे.

प्रत्येक दागिना स्वतंत्र मऊ पिशवीत आणि सर्व पिशव्या एका लहान कडक डबीत ठेवाव्यात. डबीसोबत नगवार यादी, वजन आणि पावत्यांच्या प्रती असाव्यात. छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीत. विमान भरलेले असेल तर दारातच हातातली बॅग खाली पाठविण्यास सांगितले जाते. अशा वेळी डबी काढून जवळ ठेवावी. सुरक्षा तपासणीत बॅग पट्ट्यावर ठेवण्याची घाई करू नये. पुढच्या प्रवाशाची तपासणी रेंगाळली, तर बॅग पलीकडे बेवारस पडून राहते. सुरक्षिततेच्या हेतूने दागिने खाऊच्या डब्यात, पावडरीत किंवा कपड्यांच्या अस्तरात दडविणे सर्वांत घातक. चोरापासून लपविलेले सोने अधिकाऱ्याच्या नजरेत त्याच्यापासून लपविलेले ठरते.

संयुक्त अरब अमिरातीतून निघणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. रोकड आणि मौल्यवान धातू मिळून 60 हजार दिऱ्हॅमपेक्षा अधिक असतील, तर ते तेथेही निघताना जाहीर करावे लागतात.

नव्या नियमांनी वर्षानुवर्षे बाहेर राहिलेल्या कुटुंबांना न्याय दिला आहे. मुलांकडे दोन-तीन महिने जाऊन येणाऱ्या ज्येष्ठ महिलांच्या अंगावरील मंगळसूत्र-पाटल्यांसाठी मात्र वजनाची सवलत त्यांतही नाही. तोवर त्यांचा आधार एकच : मुंबईहून निघताना मिळणारे ते एका पानाचे प्रमाणपत्र.