चिपाडातील पाण्याचा हिशेब

इंधनाच्या उष्मांकाचे दोन आकडे असतात, आणि त्यांतील कोणता आकडा समोर आहे हे पाहिल्याशिवाय भट्टी, बॉयलर किंवा चुलवाण यांच्या कार्यक्षमतेविषयी बोलणे व्यर्थ ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातील गुऱ्हाळांत चरकातून निघालेली ओली चिपाडे अंगणात पसरून वाळवली जातात आणि मगच चुलवाणात घातली जातात. या जुन्या रीतीमागील शास्त्र या दोन आकड्यांमधील फरकातच सामावलेले आहे.

चरकातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एक किलो चिपाडात साधारण अर्धा किलो पाणी असते. याशिवाय कोरड्या चिपाडात वजनाने सुमारे साडेसहा टक्के हायड्रोजन असतो, आणि जळताना हायड्रोजनच्या प्रत्येक किलोपासून नऊ किलो पाणी तयार होते, त्यामुळे अर्धा किलो कोरड्या भागातून आणखी सुमारे 0.29 किलो पाणी निर्माण होते. अशा रीतीने एक किलो ओले चिपाड जाळले की जवळजवळ 0.79 किलो पाणी वाफ होऊन धुरांड्याकडे निघते. पाण्याची वाफ होताना जी उष्णता तिच्यात सामावते आणि तापमापीवर दिसत नाही, तिला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि सामान्य तापमानाच्या एक किलो पाण्यासाठी तो सुमारे 600 किलोकॅलरी धरला जातो.

ही वाफ पुन्हा पाणी झाली आणि तिने आपला उष्मा परत दिला असे मानून जो आकडा काढला जातो तो उच्च उष्मांक होय, तर वाफ वाफच राहून निघून गेली असे मानून काढलेला आकडा निम्न उष्मांक होय. साखर उद्योगात रूढ असलेल्या सूत्रांनुसार, पन्नास टक्के ओलाव्याच्या आणि दोन टक्के साखर उरलेल्या चिपाडाचा उच्च उष्मांक किलोमागे सुमारे 2276 आणि निम्न उष्मांक सुमारे 1801 किलोकॅलरी येतो. दोहोंतील फरक 475 किलोकॅलरींचा आहे, आणि 0.79 किलो वाफेला 600 ने गुणले तरी हाच आकडा मिळतो.

आता हेच चिपाड उन्हात वाळून त्यात दहा टक्के ओलावा उरला असे धरावे. मूळच्या एक किलोचे वजन आता 0.556 किलो भरते, परंतु त्यातून मिळणारा एकूण उच्च उष्मांक पूर्वीइतकाच, म्हणजे 2276 किलोकॅलरी, राहतो, कारण जळणारा भाग तोच आहे आणि पाण्याने उष्णतेत कधी भरच घातलेली नव्हती. बदलतो तो निम्न उष्मांक. तो 1801 वरून सुमारे 2068 वर जातो, कारण 0.44 किलो पाण्याची वाफ करण्याचे काम चुलवाणाऐवजी सूर्याने केलेले असते. म्हणून वाळवणीचा लाभ केवळ निम्न उष्मांकाच्या हिशेबात दिसतो, आणि जो केवळ उच्च उष्मांकावर बोट ठेवतो त्याला अंगणातील ही मेहनत निरर्थक वाटण्याचा संभव असतो.

मात्र हायड्रोजनपासून तयार होणारे पाणी कोणतेही ऊन काढू शकत नाही, कारण ते जळण्यापूर्वी अस्तित्वातच नसते. ते आणि उरलेला ओलावा यांचा सुमारे 208 किलोकॅलरींचा उष्मा धुराबरोबर जातो, आणि तो मिळवायचा तर धुरातील वाफेचे थंड पृष्ठभागावर पाणी करणे, म्हणजे संघनन, हा एकच मार्ग उरतो. थंडीच्या सकाळी धुरांड्याच्या तोंडापासून थोड्या अंतरावर जो पांढरा लोट दिसू लागतो, तो याच वाफेचे मोकळ्या हवेत झालेले संघनन असते. उष्मा तेथे परत मिळतो खरा, पण तो वाऱ्याला मिळतो.

धुरातील वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते, त्याला दवबिंदू म्हणतात, आणि संघननाची सारी मर्यादा या आकड्यात आहे. साखर कारखान्यात रसाची वाफ शुद्ध असते, म्हणून ती उच्च तापमानालाच पाणी होते आणि पुढच्या भांड्यातील रस उकळवते. धुरातील वाफ मात्र नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळून विरळ झालेली असते. गरजेपेक्षा पन्नास टक्के जास्त हवा घातली, तर ओल्या चिपाडाच्या धुराचा दवबिंदू कोल्हापूरच्या उंचीवर सुमारे 62 अंश सेल्सियस येतो, आणि वाळलेल्या चिपाडाच्या धुराचा केवळ 48 अंश. हे दोन्ही धूर 45 अंशांपर्यंत थंड केले, तर ओल्या चिपाडाच्या किलोमागे सुमारे अर्धा किलो पाणी आणि 280 किलोकॅलरी मिळतात, तर वाळलेल्याच्या धुरातून जेमतेम पन्नास ग्रॅम पाणी. याचा अर्थ वाळवणी आणि संघनन हे एकाच उष्म्याचे दोन दावेदार असून, एकाने घेतलेला भाग दुसऱ्याला मिळत नाही.

मग ओलेच जाळून संघनन का करू नये, असा प्रश्न उरतो. एकूण आकडे पाहता दोन्ही वाटा 2070 ते 2080 किलोकॅलरींच्या आसपास पोहोचतात, परंतु वाळवणीने वाचलेली उष्णता चुलवाणात, काहिलीखाली, ज्वाळेच्या तापमानाला मिळते, तर संघननाची उष्णता साठ अंशांखाली मिळते आणि तिने फक्त गार रस कोमट करता येतो. एक किलो चिपाडामागे रस जेमतेम दोन किलो असतो, आणि तो 28 अंशांवरून 55 अंशांवर नेण्यास सुमारे पन्नास किलोकॅलरी पुरतात. बाकीच्या 230 किलोकॅलरींना गुऱ्हाळात घेणारे कोणी नसते. शिवाय थंड झालेला धूर धुरांड्यातून आपोआप वर चढत नाही, त्यामुळे ओढ तुटून चुलवाण धुमसू लागते आणि पंखा बसवावा लागतो. संघनित पाणी आम्लयुक्त आणि राखमिश्रित असल्याने साधे लोखंड गंजते व पृष्ठभागावर राख चिकटून बसते. संघननाचे यंत्र खरोखर काम करते की नाही हे ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे: खालच्या नळीतून तासाला किती लिटर पाणी निघते ते बादलीत मोजावे, कारण त्यातील प्रत्येक लिटर साधारण पावणेसहाशे किलोकॅलरी सांगतो, आणि नळी कोरडी असेल तर संघनन झालेलेच नाही.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत गणित उलटे आहे. वायूला वाळवण्यासारखे काही नसते, कारण त्याच्या धुरातील बहुतेक सर्व पाणी हायड्रोजनचे असते. दोन उष्मांकांत सुमारे अकरा टक्क्यांचे अंतर असते. आणि घरे तापवून पाणी तीस ते चाळीस अंशांवर परत येते, म्हणून युरोपातील घरगुती बॉयलर संघननाचा खरा लाभ घेतात. निम्न उष्मांकाशी तुलना केल्यामुळेच त्यांची कार्यक्षमता 105 टक्के अशी लिहिली जाते. उच्च उष्मांकाशी तुलना केली, तर तोच बॉयलर सुमारे 95 टक्क्यांचा ठरतो, आणि त्यात कोणताही चमत्कार उरत नाही.

यावरून कोल्हापूरच्या गुऱ्हाळांसाठी क्रम स्पष्ट होतो. आधी उघड्या अंगणाची जागा राखावी आणि अवकाळी पावसात चिपाडांवर छत असावे. त्यानंतर जादा हवा कमी करून धुराची उरलेली प्रकट उष्णता रसाकडे वळवावी. संघननाचा विचार केवळ तेथेच करावा, जेथे इंधन वाळवता येत नाही आणि साठ अंशांखालील उष्णता घेणारे काम दिवसभर हाताशी आहे. बचतीचे यंत्र विकणाऱ्याला विचारायचे दोनच प्रश्न आहेत: टक्केवारी कोणत्या उष्मांकावर काढली, आणि वाचलेली उष्णता कोणत्या तापमानाला मिळणार? या दोहोंचे उत्तर न देणाऱ्याकडून यंत्र घेण्याऐवजी चिपाडे आणखी दोन दिवस उन्हात ठेवणे अधिक शहाणपणाचे.